दौलताबादची अपुरी वेधशाळा

मुसलमानी राजवट म्हणजे फक्त तलवार, असे आपल्याला शिकवले जाते. मग बहमनी सुलतान फिरोजशहाने १४०७ साली दौलताबादजवळच्या घाटावर वेधशाळा बांधायला घेतली, ती कशासाठी?

नमाजाच्या वेळा सूर्यावरून ठरत. त्या काढायला अस्तरलाब हे पितळी यंत्र असे. ते टांगून धरायचे, मागच्या फिरत्या पट्टीतून सूर्याची उंची अंशांत मोजायची आणि पुढच्या जाळीवर त्या दिवसाची सूर्याची जागा तेवढ्या उंचीच्या रेषेवर आणून वेळ वाचायची. पण जाळीखालची तबकडी आपल्याच गावच्या अक्षांशाची हवी. समजा, २१ मार्चला सकाळी आपल्या भूममध्ये सूर्य ४५ अंशांवर आहे. मध्यान्ह म्हणजे बारा धरले, तर भूमच्या तबकडीवर सुमारे सव्वानऊ वाजतील. दिल्लीची तबकडी बसवली, तर वीस मिनिटे पुढची वेळ दिसेल. ही चूक ग्रंथप्रामाण्याने सुटत नाही, मोजूनच सापडते.

हे ज्ञान एका धर्माच्या कुंपणात राहिले नाही. महेंद्रसूरी या जैन मुनीने १३७० मध्ये तुघलक दरबारात याच यंत्रावर ‘यंत्रराज’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला.

यंत्र वेळ सांगते, पण ग्रहताऱ्यांची जुनी कोष्टके काळाबरोबर चुकत जातात. ती सुधारायला वर्षानुवर्षे वेध घ्यावे लागतात, म्हणून वेधशाळा. दौलताबादचे काम मात्र हकीम हसन गिलानी वारले आणि थांबले, असे इतिहासकार फरिश्ता नोंदवतो. सुलतान होता, पैसा होता, पण काम पुढे नेणारी दुसरी फळी नव्हती. मित्रांनो, आपल्या संस्थांमध्ये तरी ती आहे का?