'सर, ड्राफ्ट मी करून आणते, तुम्ही फक्त सही करा'

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता मोजणंही सोडून दिलंय. पुण्यात पत्रकारिता शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, त्यालाही ते पाठ असेल. फेलोशिपचे अर्ज निघाले की मुलं दारात उभी राहतात. शेवटची तारीख परवा असते आणि शिफारसपत्र आजच हवं असतं. आम्ही काय करतो? सही करतो. आज यावर लिहितोय, आणि सुरुवात स्वतःपासूनच करतो.

काही वर्षांपूर्वी एका न्यूजरूममधल्या ओळखीच्या संपादकाचा फोन आला. म्हणाले, "तुमच्या दोन विद्यार्थ्यांची पत्रं आली आहेत. दोन्हीतला दुसरा परिच्छेद शब्दाला शब्द सारखा आहे. नक्की कोण जास्त प्रामाणिक, कष्टाळू आणि टीम प्लेयर?" ते हसले, मीही हसलो. पण दोन्ही पत्रं बाजूला ठेवली गेली. मुलांनी एकाच सीनियरकडून नमुना घेतला होता आणि मी न वाचता सह्या ठोकल्या होत्या. मुलांचं चुकलं, असं म्हणून मी त्या दिवशी स्वतःची सुटका करून घेतली. ती सुटका खोटी होती.

कारण वर्गात मी काय शिकवतो? प्रेसनोट जशीच्या तशी स्वतःच्या नावानं छापू नका. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानंच लिहून दिलेला मजकूर म्हणजे बातमी नव्हे. आणि मी काय केलं? ज्याच्याबद्दल पत्र होतं त्यानं लिहून दिलेला मजकूर माझ्या नावानं पाठवला. यात आणि प्रेसनोटीवर बायलाइन टाकण्यात काय फरक आहे, मला कुणी समजावून सांगावं.

मुळात गोंधळ शब्दातच आहे. आपल्याकडे 'शिफारस' म्हटलं की वशिला आठवतो. नगरसेवकाची चिठ्ठी, 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या'. नाहीतर मग चारित्र्याचा दाखला: 'सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे', गोल शिक्का, संपला विषय. म्हणून मुलं मोठ्या नावामागे धावतात. ज्या संपादकानं त्यांना आयुष्यात एकदा, तेही व्यासपीठावरून पाहिलंय, त्याचं पत्र आणतात. अहो, निवड समितीला पत्र लिहिणाऱ्याची उंची मोजायची नसते. तिला एवढंच हवं असतं की या माणसानं या मुलीला काम करताना पाहिलंय का, कुठे, किती काळ, आणि काय पाहिलं. चिठ्ठी ओळख सांगते, दाखला वर्तणूक सांगतो. शिफारसपत्रानं पुरावा द्यायचा असतो.

मराठी मुलांच्या बाबतीत तर हा पुरावा दुप्पट महत्त्वाचा. अर्ज बहुतेक वेळा इंग्रजीत, मुलीच्या बातम्या मराठीत. समितीतल्या निम्म्या लोकांना त्या वाचताच येत नाहीत. त्या बातम्यांत काय होतं, ते कसं मिळवलं, हे सांगणारा एकमेव कागद म्हणजे शिक्षकाचं पत्र. तिथे आम्ही 'सिन्सिअर अँड हार्डवर्किंग' लिहून मोकळे होतो. म्हणजे त्या मुलीचं वर्षभराचं काम आम्ही स्वतःच्या हातानं पुसून टाकतो.

यंदा एक विद्यार्थिनी आली. तेच वाक्य, तोच ड्राफ्ट. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, "तुझी टँकरची बातमी आण. आणि बातमीबरोबर वहीपण आण."

बातमी अशी होती. 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. त्यातल्याच एका गावातली मोठी सोसायटी, पाणी टँकरचं. सोसायटीच्या अध्यक्षांनी तिला सांगितलं, रोज 20 टँकर लागतात. मथळा तयारच होता. पण हिनं गेटवरच्या वॉचमनकडची नोंदवही मागितली आणि मार्च महिन्याच्या सगळ्या नोंदी हातानं मोजल्या. 341 टँकर. म्हणजे दिवसाला सरासरी 11. एका रविवारी मात्र 19 आले होते. अध्यक्ष खोटं बोलत नव्हते, त्यांना सगळ्यात वाईट दिवस लक्षात राहिला होता.

ती इथे थांबली नाही. बिलं पाहिली. बिलात 349 टँकर होते, नोंदवहीपेक्षा 8 जास्त. टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, रात्री उशिरा येणाऱ्या गाड्यांची नोंद वॉचमन करत नाही. वॉचमन म्हणाला, मी सगळ्यांची करतो. कोण खरं, हे तिला ठरवता आलं नाही. म्हणून तिनं दोघांचं म्हणणं लिहिलं आणि घोटाळा हा शब्द वापरला नाही. 20 चा मथळा गेला, अध्यक्ष नाराज झाले, बातमी मात्र उभी राहिली.

माझ्या पत्राचा मुख्य परिच्छेद एवढाच आहे: 20, 341, 19, 349 आणि न वापरलेला एक शब्द. 'चिकाटी', 'सचोटी' हे शब्द मी लिहिलेच नाहीत. वाचणाऱ्याला ते आपोआप कळतील, नाही कळले तर माझ्या विशेषणांनी कळणार नव्हते.

आता खरा कठीण भाग. फॉर्ममध्ये एक रकाना होता: उमेदवाराला कुठे सुधारणा हवी? इथे आम्ही सगळे एकच लबाडी करतो, 'ती फार जास्त मेहनत घेते'. ही मुलगी हळू लिहिते. टँकरची बातमी तिनं मुदतीनंतर दोन दिवसांनी दिली होती. मी तिला विचारलं, "हे मी लिहिणार आहे. चालेल?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लिहा सर, खरं आहे."

मी लिहिलं. रोजच्या घाईच्या बातम्यांत तिला पहिले काही महिने जड जाईल, आठवडाभराचं एक काम सोपवून बघा, असंही लिहिलं. काही सहकारी म्हणाले, मुलीचं नुकसान केलंस. कदाचित केलं असेल. निकाल अजून लागलेला नाही, आणि ती भीती माझ्या मनात आहे. पण ज्या पत्रात एकही उणीव नाही, त्यातल्या कौतुकावर कोण विश्वास ठेवतो? आणि ही सवय लपवून तिला तिथे पाठवलं असतं, तर दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी तोंडावर पडली असती.

'एका बॅचला साठ मुलं, प्रत्येकाला असं पत्र कुठून लिहायचं?' हा प्रश्न रास्त आहे. उत्तर सोपं आहे आणि कुणाला आवडणार नाही: प्रत्येकाला लिहायचं नाही. ज्याचं काम पाहिलेलं नाही त्याला नम्रपणे नाही म्हणायचं आणि ज्यानं पाहिलंय त्याच्याकडे पाठवायचं. मग तो नवखा तासिका तत्त्वावरचा शिक्षक का असेना.

म्हणून यापुढे माझ्याकडे येणाऱ्यांसाठी: तीन आठवडे आधी या. दोन बातम्या आणि त्यांची कच्ची वही आणा. ड्राफ्ट आणू नका. आणि सहकारी शिक्षकांनो, पुढच्या वेळी 'फक्त सही करा' ऐकलंत की आधी एवढंच विचारा, वही कुठंय?