अर्ध्या पात्याचा प्रश्न

आपल्या वार्षिकात पुस्तकांची व चित्रपटांची परीक्षणे येतात. पण दर महिन्याला आपण ज्याच्या हाती मान देतो, त्या गल्लीतल्या सलूनचे परीक्षण कोणी करीत नाही. म्हणून हा प्रपंच. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण असे दुकान प्रत्येकाच्या गल्लीत आहे.

दराबद्दल तक्रार नाही. केस कापण्याचे 80 रुपये, दाढीचे 50. हे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपते. थांबावे मात्र फार लागते. सोमवारी दुकान बंद, शनिवारी केस कापायचे नाहीत अशी कित्येक घरांची रीत. तेव्हा सगळी गल्ली रविवारी लोटते. खुर्च्या दोन, पुढे सहाजण, प्रत्येकाला वीस मिनिटे. म्हणजे तासाभराची निश्चिंती! बुधवारी दुपारी गेल्यास खुर्ची रिकामी असते.

कापणी सारखी होत नाही. मालकांचा ‘मीडियम’ निराळा, त्यांच्या हाताखालच्या मुलाचा निराळा. यावर उपाय सोपा आहे. मशीनला लावायच्या कंगव्यांना नंबर असतात. 2 नंबरने सुमारे सहा मिलिमीटर केस राहतात, 3 नंबरने सुमारे दहा. ‘बाजूंना 3 नंबर, वर कात्री’ असे सांगितले की दोघांच्या हातून कापणी बरीचशी सारखी होते.

खरा प्रश्न स्वच्छतेचा आहे. पाते बदलण्याचा आग्रह दाढी करणारे धरतात. केस कापणाऱ्याला वाटते, आपला वस्तऱ्याशी काय संबंध? पण शेवटी कल्ले सरळ करताना आणि मानेवरची रेषा काढताना वस्तराच फिरतो. तेथे बारीकशी चीर पडते, ती आरशात दिसत नाही. काविळीचा ‘बी’ विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो, आणि तो पसरायला डोळ्यांना न दिसणारे रक्तही पुरते. पाते फडक्याला पुसून किंवा क्षणभर डेटॉलच्या पाण्यात बुडवून ते निर्धोक होत नाही. वरून फिरवलेली तुरटी रक्त थांबवते, विषाणू नव्हे.

गेल्या खेपेस मी म्हटले, “काका, नवं पातं घाला.” त्यांनी विनातक्रार कागदासकट पाते मोडून अर्धे वस्तऱ्यात बसवले. माझ्यानंतर बसलेले गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या मानेवर माझेच अर्धे पाते फिरू लागले, तेव्हा मी काकांना हटकले. ते म्हणाले, “मागतो त्याला देतोच की!”

येथेच माझा मतभेद आहे. अर्ध्या पात्याला दोन रुपयेही पडत नाहीत. हवे तर दर 82 करावा. परंतु नवे पाते ही मागणाऱ्यालाच मिळणारी सवलत असू नये. तोवर आपण एवढे करावे: पात्याचा कागद आपल्या डोळ्यांसमोर फाटला नाही, तर मान खाली घालू नये.