ताटी

आमच्या बुऱ्हाणपूरची तापी पुढे मुक्ताईनगरच्या बाजूला जाते, म्हणून मुक्ताई आम्हाला घरचीच. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांना विनवलं, ते ‘ताटीचे अभंग’ अशी परंपरा आहे. तिने दाराला द्वार किंवा कपाट म्हटलं नाही. ताटी म्हणजे काड्या-कामट्यांचं हलकं दार, बाहेरून ढकललं तरी पडेल. पण ती ढकलत नाही, आतल्यानेच उघडावी म्हणते. शास्त्र भावाला ठाऊकच होतं. मला वाटतं, रुसलेल्या ज्ञान्याला घरातलाच शब्द पोचला असता.

हे लेकीला सांगितलं, तर म्हणाली, “कडी नव्हती का?”

आई हसली, “ताटीला कसली कडी गं? दोरीने बांधायची.”