अडचण म्हणजे अशक्यता नव्हे

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली आणि काही दिवसांतच हजारो करारांसमोर एकच प्रश्न उभा राहिला : ठरलेले काम आता होणे नाही, मग दिलेल्या शब्दातून सुटका मिळते का? त्यातल्या दोन प्रकारच्या करारांकडे पाहू. पहिले प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. काही पोलाद आयातदारांनी दक्षिण कोरियातल्या पुरवठादाराकडून माल मागवला होता आणि त्याच्या किमतीसाठी बँकांमार्फत पतपत्रे, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, दिली होती. टाळेबंदीमुळे आमचे करार निष्फळ झाले, तेव्हा बँकांना पैसे देण्यापासून रोखा, अशी त्यांची मागणी होती. दुसरे उदाहरण काल्पनिक असले तरी त्या काळात घरोघरी घडलेले. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यातल्या लग्नासाठी कोणी मंगल कार्यालय दोन लाख रुपयांना ठरवले आणि पन्नास हजार आगाऊ भरले. पुढे सरकारने जमावावरच बंदी घातली. टाळेबंदी तीच आणि संकटाचा अंदाज कोणालाच नव्हता हेही दोन्हीकडे सारखेच. तरीही कायद्याच्या दृष्टीने पहिला करार टिकतो आणि दुसरा संपतो. हा फरक नीट समजला, की करारातून सुटका कधी मिळते हेही समजते. तो न समजल्यामुळेच आपल्याकडे कोणतीही आपत्ती आली की दोन्ही बाजू चुकीच्या आशेवर कोर्टाची पायरी चढतात.

मूळ नियम कठोर आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये शत्रूच्या सैन्याने हुसकावून लावलेल्या कुळालाही खंड चुकला नव्हता. स्वतः होऊन जबाबदारी घेतलीस आणि करारात अपवाद लिहून घेतला नाहीस, तर ती पार पाडलीच पाहिजे, असे न्यायालयाने १६४७ मध्ये त्याला सुनावले. या कठोरपणाला वाट १८६३ मध्ये मिळाली. लंडनमधले एक संगीतगृह चार कार्यक्रमांसाठी ठरवलेले होते आणि पहिल्या कार्यक्रमाआधीच ते जळून गेले. दोष कोणाचाच नव्हता. ज्या वास्तूच्या अस्तित्वावर करार उभा होता तीच नाहीशी झाली, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या, असा निकाल लागला. त्यानंतर नऊ वर्षांनी झालेल्या भारतीय करार कायद्याने, १८७२ मध्ये, हे तत्त्व कलम ५६ मध्ये थेट लिहून टाकले : करार झाल्यानंतर ते कृत्य अशक्य झाले किंवा वचन देणाऱ्याला टाळता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदा ठरले, तर करार शून्य होतो.

पण ‘अशक्य’ म्हणजे किती अशक्य? याचे उत्तर आजही ज्या निकालात शोधले जाते, तो सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिला. कलकत्त्यातल्या मुगनीराम बांगूर कंपनीने मोठ्या जमिनीचे भूखंड पाडून विकायला काढले होते. रस्ते आणि गटारे कंपनीने बांधायची, ती झाली की उरलेली रक्कम घेऊन खरेदीखत करून द्यायचे, असा करार होता. एका खरेदीदाराने १९४० मध्ये १०१ रुपये इसार दिला. पुढच्या वर्षाअखेरीस सरकारने युद्धकाळातल्या अधिकारांखाली त्या जमिनीचा मोठा भाग लष्करासाठी ताब्यात घेतला. १९४३ मध्ये कंपनीने कळवले : इसार परत न्या किंवा उरलेले पैसे आताच भरा, रस्त्यांचे युद्धानंतर पाहू. खरेदीदाराचे हक्क पुढे सत्यव्रत घोष यांच्याकडे आले आणि त्यांनी दावा लावला. न्या. बी. के. मुखर्जी यांच्या निकालाने दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, अशक्य याचा अर्थ केवळ शब्दशः घ्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी ज्या पायावर व्यवहार उभा केला तो पायाच घटनेने उलथला, तर कृत्य शब्दशः शक्य असले तरी करार संपतो. दुसरी, हा पाया उलथला की नाही ते त्याच कराराच्या अटी आणि परिस्थिती पाहून ठरवायचे.

या कसोटीवर खुद्द कंपनी मात्र हरली, आणि निकालाचा खरा धडा इथेच आहे. रस्ते कधीपर्यंत बांधायचे याची मुदतच करारात नव्हती. करार झाला तेव्हा महायुद्ध सुरू होते, त्यामुळे साहित्याची टंचाई आणि सरकारी निर्बंध येऊ शकतात हे दोघांनाही ठाऊक असणारच. सरकारचा ताबा तात्पुरता होता आणि कंपनीने रस्त्यांचे काम सुरू केल्याचाही पुरावा नव्हता. मग खंडित झाले ते काय? बिनमुदतीच्या कामाला विलंब झाला, एवढेच. म्हणून कोणतीही घटना आली की ती किती मोठी, एवढे पाहून भागत नाही. नेमके काय करायचे ठरले होते, त्यात वेळ किती महत्त्वाची होती, आणि ही जोखीम कोणी कळून किंवा न कळत स्वतःकडे घेतली होती, हे तीन प्रश्न करारालाच विचारावे लागतात.

हेच प्रश्न पोलादाच्या करारांना विचारून पाहा. कोरियन पुरवठादाराने माल जहाजावर चढवून पाठवलेला होता, म्हणजे त्याने आपला शब्द पाळला होता. आयातदाराने द्यायची होती ती रक्कम, आणि रक्कम देणे टाळेबंदीने अशक्य केले नव्हते. पोलादाचे वितरण अत्यावश्यक सेवेत होते. करारातले आपत्तीचे, म्हणजे फोर्स मेजरचे, कलम केवळ विक्रेत्याच्या संरक्षणासाठी होते. शिवाय पतपत्र हा बँकेचा स्वतंत्र व्यवहार असतो. आयातदाराचे पुढचे गिऱ्हाईक माल उचलत नसेल, तर तो त्याच्या धंद्याचा धोका, पुरवठादाराच्या कराराचा नव्हे. न्या. एस. जे. काथावाला यांनी ८ एप्रिल २०२० रोजी दिलासा नाकारला तो या कारणांनी, आणि टाळेबंदी मर्यादित काळापुरती आहे हेही त्यांनी नोंदवले. आता मंगल कार्यालय घ्या. तिथे ठराविक दिवशी सभागृह वापरू देणे हाच करार. तो दिवस गेला की तोच करार दुसऱ्या दिवशी पार पाडता येत नाही, आणि त्या दिवशी सभागृह उघडणे हा गुन्हाच ठरला असता. इथे पाया खरोखर उलथला.

महागाईला मात्र या कलमात जागा नाही. वीज कंपन्यांनी दीर्घ मुदतीचे करार करून स्पर्धात्मक दर दिले होते. २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले, जागतिक बाजाराशी जोडलेल्या दराने कोळसा घ्यावा लागू लागला आणि जुन्या दरांचे गणित कोलमडले. मुंद्रा येथील ज्या प्रकल्पांचा हा वाद होता, त्यांतल्या एकाची वीज महाराष्ट्रालाही मिळत होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०१७ रोजी कंपन्यांचा हा बचाव फेटाळला : कोळसा महाग झाला, पण मिळायचा थांबला नाही, आणि इंधनाचा भाव वाढण्याची जोखीम दर देऊ करणाऱ्या कंपनीनेच घेतलेली असते. याच निकालाने आणखी एक विभागणी स्पष्ट केली. करारात आपत्तीचे कलम असेल तर आधी ते वाचायचे, कारण त्या वेळी सुटका कलम ३२ नुसार, म्हणजे कराराच्या स्वतःच्या अटींवर ठरते. करार गप्प असेल तरच कलम ५६ कडे वळायचे. आणि ज्याने स्वतःच्या कृतीने अशक्यता ओढवून घेतली, त्याला दोन्हीकडे दार बंद आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा : हा कायदा माणसाच्या हालांकडे पाहत नाही. दुकान महिनोन्‌महिने बंद, तरी भाडे चालू. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ठरवले आहे की भाडेपट्ट्याला कलम ५६ लागू होत नाही. तो वाद फाळणीने पाकिस्तानात गेलेल्या शेतजमिनीचा होता आणि तरीही पट्टेदाराला खंड परत मिळाला नव्हता. २०२० मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या भाडेकरूलाही उच्च न्यायालयाने माफी दिली नाही, भरण्यासाठी सवड तेवढी दिली. जर्मनीने २००२ पासून आणि फ्रान्सने २०१६ पासून न्यायाधीशांना कराराच्या अटी बदलण्याचा अधिकार दिला आहे, मग आपण का देऊ नये? आक्षेपामागची कळकळ खरी आहे. पण घरमालक हाही त्याच भाड्यावर कर्जाचा हप्ता भरणारा निवृत्त शिक्षक असू शकतो. टाळेबंदीचा तोटा त्याच्याकडे ढकलण्यासाठी ‘अडचण’ एवढेच कारण पुरेसे नाही. शिवाय नवे भाडे किती असावे हे ठरवायला दिवाणी न्यायालयाला पुरावा घ्यावा लागेल, आणि दावे निकाली निघायला वर्षे लागणाऱ्या आपल्या व्यवस्थेत तोवर ना जुना करार पाळला जाईल, ना नवा. दार सैल केले तर त्याचा फायदा चांगला वकील परवडणारा आधी घेईल. वीज प्रकरणात ते दार उघडले असते, तर कोळशाचा बोजा याच मार्गाने ग्राहकांच्या बिलावर आला असता. म्हणून सुटकेचे दार अरुंद आहे ते अरुंदच राहावे, असे आमचे ठाम मत आहे.

कायद्याचे खरे अपुरेपण वेगळ्या ठिकाणी आहे : करार संपला हे ठरल्यानंतरच्या हिशेबात. कलम ६५ म्हणते, शून्य झालेल्या करारातून ज्याला लाभ मिळाला त्याने तो परत करावा किंवा भरपाई द्यावी. कायद्यातच दिलेले उदाहरण गायकाचे आहे. आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने द्यायचा नाही, पण आगाऊ घेतलेले हजार रुपये परत करायचे. या नियमाने मंगल कार्यालयाच्या मालकालाही पन्नास हजार परत करावे लागतात, आणि ‘पुढची तारीख घ्या’ हा देकार ग्राहकावर लादता येत नाही. इथवर सारे न्याय्य आहे. पण मालकाने खास त्या लग्नासाठी त्यातले पंधरा हजार मांडवावर आधीच खर्च केले असतील तर? ते त्याने एकट्याने सोसावेत की दोघांनी, याची मोजपट्टी कलमात नाही. इंग्लंडला हा प्रश्न युद्धात भेडसावला. पोलंडमधल्या कंपनीने यंत्रांसाठी आगाऊ दिलेले हजार पौंड जर्मन आक्रमणानंतर पूर्ण परत करावे लागले, यंत्रे बनवायला घेतलेल्या कारखानदाराला खर्चापोटी काहीच मिळाले नाही. लगेच १९४३ मध्ये संसदेने कायदा करून, आगाऊ रकमेतून झालेला वाजवी खर्च ठेवून घेऊ देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

आपल्या संसदेने कलम ६५ मध्ये तेवढीच सुधारणा करावी : रक्कम परत करण्याची जबाबदारी कायम ठेवून, त्या करारासाठीच झालेला आणि पावतीने सिद्ध होणारा खर्च त्यातून वजा करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्यावी. मग पन्नास हजारांतले पस्तीस हजार देऊन प्रकरण मिटवणे दोन्ही बाजूंना सोपे जाईल, आणि छोट्या रकमांसाठी दावे लढवण्याचे कारणच उरणार नाही. बाकीचे काम करार करणाऱ्यांचे आहे. आपत्तीचे कलम दोन्ही बाजूंना लागू आहे का, त्यात सरकारी बंदीचा उल्लेख आहे का, काम किती दिवस थांबले म्हणजे करार संपवता येईल आणि आगाऊ रकमेचे काय होईल, या चार ओळी सही करण्याआधी लिहून घेतल्या, तर कलम ५६ ची गरज क्वचितच पडेल. जोखीम कोणाची हे न्यायालयाला संकटानंतर शोधावे लागते, ते बहुतेक वेळा करार करणाऱ्यांनी आधी लिहिले नाही म्हणूनच.