आकृती सरकली तर सरकू द्या

एकमेकांशी काटकोनात असलेली दोन दोलने एकत्र आली की लिसाजूची आकृती उमटते. पुस्तकात या आकृत्या रांगेने छापलेल्या असतात आणि आपण त्या तशाच वहीत उतरवतो. माझ्या मते त्यांतली खरी गंमत छापील चित्रात येतच नाही. ती आकृती सरकू लागल्यावर दिसते.

करून पाहा. दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीला, थोड्या अंतरावरच्या दोन खिळ्यांना दोरीची दोन टोके बांधा. झोळाच्या मध्यावर गाठ मारून तिच्याखाली एका दोरीने रेतीचा डबा टांगा आणि त्याच्या तळाला बारीक भोक पाडा. खिळ्यांच्या पातळीपासून डब्यापर्यंत १०० सें.मी. आणि गाठीपासून डब्यापर्यंत २५ सें.मी. अंतर ठेवा. डबा पुढे-मागे हलताना सगळी दोरी झुलते. डावी-उजवीकडे हलताना मात्र फक्त गाठीखालचा भाग. आवर्तनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून लांबी चौपट असली की काल दुप्पट होतो, सुमारे २ सेकंद आणि १ सेकंद.

आता डबा तिरका ओढून अलगद सोडा. वारंवारतांचे गुणोत्तर नेमके २:१ असेल, तर रेतीची एक कमान उमटेल आणि डबा तिच्यावरूनच ये-जा करीत राहील. पण तसे सहसा होत नाही! कमान उघडत जाते, तिचा इंग्रजी आठ होतो, मग उलट्या तोंडाची कमान, पुन्हा आठ आणि शेवटी पहिली कमान. (आठ दिसेल तेव्हा मोजा: तो डाव्या कडेला दोनदा टेकतो, पुढच्या कडेला एकदाच. गुणोत्तर ओळखण्याची हीच खूण.)

येथे बरेच जण "प्रयोग चुकला" म्हणून डबा थांबवतात. शिक्षकांना विनंती, थांबवू नका, घड्याळ काढा. कमानीपासून त्याच तोंडाच्या कमानीपर्यंत ७० सेकंद लागले असे समजा. याचा अर्थ, तेवढ्या वेळात जलद दोलन हळू दोलनाच्या दुपटीपेक्षा बरोबर एका फेरीने मागे किंवा पुढे गेले. सत्तर दोलनांत एक, म्हणजे जेमतेम दीड टक्का. एवढा फरक नुसत्या घड्याळाने एकेक दोलन मोजून कोणाला सापडेल?

बहुधा कारण असे असते की आपण लांबी डब्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजतो. गुरुत्वमध्य त्याखाली १ सें.मी. असला, तर खऱ्या लांब्या १०१ आणि २६ होतात, आणि गुणोत्तर २ ऐवजी १.९७ येते. गाठ पाऊण सें.मी. खाली घेतली की कमान बरीच स्थिरावते. रेती सांडताना गुरुत्वमध्य खाली जातो, म्हणून ती पूर्ण स्थिर मात्र राहत नाही.

ज्यूल लिसाजू या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ च्या सुमारास नादकाट्यांना आरसे लावून प्रकाशाचा ठिपका असाच नाचवला होता. दोन नादकाटे एकाच स्वराचे आहेत की नाहीत, हे त्या आकृतीच्या सरकण्यावरून कानाची मदत न घेता ठरवता येई.