‘फ्रेश स्टॉक’ किती फ्रेश? चेसिस नंबरच सांगेल

२०२५ च्या १५ ऑगस्टला जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे बरेच ग्राहक हात आखडून बसले. साहजिकच गाड्या यार्डात उभ्या राहिल्या. दर उतरल्यावर शोरूममध्ये गर्दी झाली आणि त्या गर्दीत जुना मालही ‘फ्रेश स्टॉक’ म्हणून पुढे आला.

माझा मामेभाऊ नोव्हेंबरमध्ये गाडी घेत होता. सेल्समन म्हणाला, “सर, गाडी मागच्याच आठवड्यात आलीय.” मी त्याला पैसे भरण्याआधी चेसिस नंबरचा फोटो पाठवायला सांगितलं.

हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या काचेच्या कोपऱ्यात बाहेरूनच दिसतो. भारतात बनलेल्या बहुतेक गाड्यांत डावीकडून दहावं अक्षर वर्षाचं असतं: R म्हणजे २०२४, S म्हणजे २०२५, T म्हणजे २०२६. महिन्याचं अक्षर मात्र प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते. त्यामुळे एका कंपनीचा व्हिडिओ बघून दुसऱ्या कंपनीची गाडी वाचू नका, हमखास फसाल. त्यापेक्षा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली कंपनीची प्लेट असते, तिच्यावर महिना-वर्ष सरळ छापलेलं आहे का ते बघा.

भावाच्या गाडीचं दहावं अक्षर S निघालं आणि प्लेटवर होतं 03/2025. टायरवरचा चार अंकी आकडा 0825, म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा, फेब्रुवारी. टायर गाडीच्या थोडा आधी बनतो, त्यामुळे हिशेब जुळला. गाडी आठ महिन्यांची होती.

पण म्हणून सेल्समन खोटंच बोलला असं लगेच म्हणता येत नाही. चेसिस नंबर गाडीचा जन्म सांगतो, मुक्काम नाही. ती कंपनीच्या यार्डात असू शकते, किंवा दुसऱ्या डीलरकडून आलेली असू शकते. मुक्काम कळतो कंपनीने डीलरला दिलेल्या बिलावरून. ते दाखवायला डीलर कां-कूं करतात, तरी मागायचंच. भावाने मागितलं, तर तारीख एप्रिलची! म्हणजे गाडी सात महिने त्याच डीलरच्या नावावर होती.

इतके दिवस उभ्या गाडीची बॅटरी आधी मान टाकते. टायर एका जागी दबतात, ब्रेक डिस्कवर गंज चढतो. वरवरचा गंज थोडं चालवल्यावर जातो, पण बॅटरी सतत उतरत राहिली असेल तर तिचं आयुष्य घटतं. भावाने बॅटरीची टेस्ट करून घेतली, ती नापास झाल्यावर नवी बसवून घेतली आणि शिवाय किंमत कमी करून मागितली. कारण आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष येतो आणि उद्या गाडी विकताना समोरचा तोच वाचतो.

डीलर शेवटी अर्ध्यावर तयार झाला. बिलिंगच्या दिवशी मात्र भावाने विक्री प्रमाणपत्रावरचा, म्हणजे फॉर्म २१ वरचा चेसिस नंबर गाडीशी पुन्हा ताडून पाहिला. बुक केलेली गाडी एक आणि हातात येणारी दुसरी, असंही होतं.