सोडवलेलं उदाहरण आणि डोक्यातले हातचे

"उत्तर बघू नकोस, आधी स्वतः सोडव!" हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. सोडवलेलं गणित वाचणं म्हणजे गाईड वापरणं, आणि गाईड वापरणं म्हणजे निम्मी कॉपीच, असा आपल्याकडे एक समज आहे. माझं मत याच्या बरोब्बर उलट आहे. जो विषय मुलाला अगदी नवा आहे, त्यात सुरुवातीला सोडवलेली उदाहरणंच जास्त द्यावीत. फक्त ती नीट मांडलेली हवीत, आणि खरी गोम तिथेच आहे.

हे मत हवेतलं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात 'कॉग्निटिव्ह लोड'चा, म्हणजे बुद्धीवर पडणाऱ्या भाराचा, सिद्धांत मांडला. त्याचा गाभा सांगायला आपल्याकडे एक छान शब्द आहे, हातचा. बेरीज करताना हातचा एक लक्षात ठेवायचा असतो. एक सोपा, दोन जमतात, पण चार-पाच हातचे एकदम सांभाळायचे म्हटलं की कुठला तरी निसटतो. नव्या माहितीसाठी आपल्या मनाची तात्पुरती जागा एवढीच असते.

एक साधं गणित घेऊ. त्रिकोण ABC आहे. BC ही बाजू पुढे D पर्यंत वाढवली आहे. ∠A = ५०° आणि ∠ACD = १२०°. तर ∠B किती?

आपल्याला हे दोन ओळींचं वाटतं. पण भूमितीत नुकताच शिरलेला मुलगा काय करतो बघा. त्याला ∠B हवाय. त्यासाठी त्रिकोणाचे उरलेले दोन कोन हवेत. एक आहे, दुसरा नाही. तो कुठून आणायचा? बाहेर १२०° दिलेत, त्यांचा काही उपयोग? मग रेषीय जोडी आठवायची, ∠ACB काढायचा, आणि हे सगळं करताना मुळात आपण ∠B काढायला निघालो होतो हेही विसरायचं नाही. म्हणजे शेवटचं ध्येय, मधलं ध्येय, नियम आणि आकडे, सगळे हातचे एकाच वेळी. धडपडत उत्तर येतंही कधी कधी. पण सगळं लक्ष 'आहे ते' आणि 'हवं ते' यातलं अंतर कापण्यात गेलेलं असतं. 'अशा आकृतीत आधी आतला कोन काढायचा' हा साचा मनात बसायला जागाच उरत नाही. गणित सुटलं, पण शिकणं झालं नाही!

स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ साली बीजगणितात हे तपासलं. एका गटाला सगळी गणितं स्वतः सोडवायला दिली. दुसऱ्याला जोड्या दिल्या, एक सोडवलेलं उदाहरण आणि लगेच तसंच एक सोडवायला. तशाच प्रकारच्या गणितांत दुसरा गट कमी वेळात आणि कमी चुका करत पुढे गेला. मात्र वेगळ्या धाटणीच्या गणितांत हा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं.

आता गोम. तरमिझी आणि स्वेलर यांनी १९८८ मध्ये हेच भूमितीत करून पाहिलं, आणि नेहमीच्या पद्धतीने सोडवलेल्या उदाहरणांचा फायदा झालाच नाही. का? तर कुठलंही पुस्तक उघडून बघा. वर आकृती, खाली उकल. खाली लिहिलंय '∠ACB + ∠ACD = १८०°'. मुलगा ही तीन अक्षरं वाचतो, वर जातो, आकृतीत A शोधतो, मग C, मग B, तो कोन नजरेत धरतो, खाली येतो, आणि तोवर ओळ हरवलेली असते. प्रत्येक पायरीला ही वर-खाली वारी. समजण्यासाठी असलेली जागा शोधाशोधीतच संपते. त्यांनी मग स्पष्टीकरण थेट आकृतीत आणलं, आणि उदाहरणं कामाला आली.

आपल्या गणितात हे असं करता येईल. C पाशी, त्रिकोणाच्या आतल्या बाजूला लिहायचं: '(१) १८०° − १२०° = ६०°, सरळ रेषा'. B पाशी लिहायचं: '(२) १८०° − ५०° − ६०° = ७०°, त्रिकोणाचे तीन कोन'. बस्स. खाली तेच परत लिहायचं नाही, नाहीतर मुलगा दोन्ही वाचून ताडून बघत बसतो.

यापुढची पायरी म्हणजे उदाहरण हळूहळू विरवत नेणं. दुसऱ्या उदाहरणात आकडे बदलायचे आणि पायरी (२) कोरी ठेवायची. तिसऱ्यात दोन्ही कोऱ्या. मागून पुढे कोरं करत जाण्यात सोय अशी की मुलाच्या वाट्याला पहिल्यांदा एकच पायरी येते, आणि तिला लागणारं सगळं समोर मांडलेलं असतं.

आता धोका. सोडवलेलं वाचताना मान डोलते, "हो, समजलं" येतं, आणि डोक्यात काही गेलेलं नसतं. हे ओळखायला दोन उपाय. पहिला, कारण विचारायचं. "इथे १८० कुठून आले? आणि इथले १८०?" दोन्हीकडे आकडा तोच, पण एक सरळ रेषेचा आणि दुसरा त्रिकोणाचा. ज्याला हा फरक सांगता येत नाही, तो नुसता वजाबाकी शिकलाय. दुसरा, गणित उलटवायचं. ∠A = ५०°, ∠B = ७०° द्यायचे आणि ∠ACD विचारायचा. जो आधी आतला कोन ६०° काढून १२०° ला पोचतो त्याला समजलंय. जो ६०° वरच थांबतो, त्याला अजून एक उदाहरण द्या.

आणि थांबायचं कधी? ज्याला येतं त्याच्यासाठी हीच उदाहरणं अडथळा होतात. कल्युगा, स्वेलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये यावरच लिहिलं. नवख्याला जी कुबडी, ती तयार गड्याच्या पायात येते. हे कसं ओळखायचं? गणित द्या आणि फक्त पहिली ओळ लिहायला सांगा. एखादी मुलगी '१२०° − ५०° = ७०°' असं एकदम लिहून मोकळी झाली, तर बाह्यकोनाचा नियम तिच्या हातात बसलाय. तिला आमची पायरी (१) वाचायला लावणं म्हणजे शिक्षाच. तिला आता खुशाल झटापट करू द्या.

म्हणजे "स्वतः सोडव" हे वाक्य चूक नाही, ते फार लवकर म्हटलं जातं एवढंच. आधी दाखवा, मग अर्धं दाखवा, मग बाजूला व्हा. शिवणकाम किंवा पेटी शिकवणारे हेच तर करतात. गणिताच्याच बाबतीत आपल्याला दाखवण्याची लाज का वाटावी, हे मला अजून कळलेलं नाही.

असो. घरी कुणी सातवी-आठवीतलं असेल तर पुस्तकातली एक भूमितीची उकल घ्या, आणि पेन्सिलने ती आकृतीतच नेऊन लिहा. पाच मिनिटांचं काम आहे. काय होतं ते मला जरूर कळवा.